तिसऱ्या आवर्तनानंतर: नैराश्य उलटू नये म्हणून घडवलेल्या उपचाराची पार्श्वभूमी

नैराश्यातून पूर्ण बरा झालेला माणूस आणि ज्याला नैराश्य कधी झालेच नाही असा माणूस, हे दोघेही चांगल्या मनःस्थितीत असताना त्यांच्या विचारांत फरक शोधायला गेले, तर तो बहुधा सापडत नाही. १९८०च्या दशकात मानसशास्त्रज्ञांना ही गोष्ट बरीच खटकत होती. ॲरन बेक यांनी मांडलेल्या कॉग्निटिव्ह थेरपीच्या, म्हणजे विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या उपचाराच्या, सिद्धान्तानुसार नैराश्याला बळी पडणाऱ्या माणसाच्या मनात स्वतःविषयीच्या काही कठोर धारणा कायमच्या रुजलेल्या असतात, आणि म्हणून आजार ओसरल्यावरही त्या प्रश्नावलीतून दिसायला हव्या होत्या. प्रत्यक्षात बरे झालेल्यांचे गुण इतरांसारखेच येत होते.

मग काही संशोधकांनी प्रश्न थोडा बदलून पाहिला. प्रश्नावली भरून घेण्याआधी सहभागी व्यक्तीला काही मिनिटे संथ, उदास संगीत ऐकवायचे, आयुष्यातला एखादा दुःखद प्रसंग आठवायला सांगायचे आणि मन जरासे खिन्न झाले की त्याच धारणांविषयी पुन्हा विचारायचे, अशी ही पद्धत होती. ज्यांना नैराश्याचा पूर्वेतिहास नव्हता ते या खिन्नतेतही आपल्याविषयी पूर्वीइतकेच समतोल बोलत. ज्यांना तो होता, त्यांच्या उत्तरांत मात्र ‘मी अपयशी ठरलो तर माझी किंमत शून्य’ अशा धाटणीची वाक्ये अचानक पटू लागत. १९८८ साली जीन मिरांडा आणि जॅकलीन पर्सन्स यांनी धारणा आणि त्या वेळची मनःस्थिती यांचा हा संबंध दाखवून दिला. त्याच वर्षी केंब्रिजमधील जॉन टीसडेल यांनी याला पोषक अशी मांडणी केली: नैराश्याच्या प्रत्येक आवर्तनात उदास भाव आणि विशिष्ट विचार यांची एक गाठ बसते, आणि पुढे साध्या उदासीनेही ती पूर्वीची विचारसाखळी जागी होते.

सजगतेवर, म्हणजे माइंडफुलनेसवर, आधारित ज्या उपचाराची ही पार्श्वभूमी आहे, त्याची पुढची सगळी दिशा याच गाठीवरून ठरली, म्हणून येथे थोडे थांबायला हवे. उदास वाटणे हा आजार नव्हे. ते सर्वांनाच वाटते. पण तीन-चार वेळा नैराश्य भोगलेल्या माणसाच्या बाबतीत एका साध्या खिन्न सकाळीही मन जुन्या वाटेने निघते. ‘असे का वाटते आहे? माझे काय चुकते आहे? यातून बाहेर कसे पडायचे?’ हे प्रश्न तो सुटका व्हावी म्हणूनच विचारतो. पण भावना हे काही गणित नसल्यामुळे उत्तर मिळत नाही, आणि उत्तर मिळाले नाही हाच नवा पुरावा ठरतो. विचारांच्या या रवंथाला संशोधक ‘रूमिनेशन’ म्हणतात, आणि ओसरलेले नैराश्य उलटते ते पुष्कळदा याच वाटेने.

१९९२ साली टोरांटोचे झिंडेल सीगल, वेल्समधील बँगोरचे मार्क विल्यम्स आणि टीसडेल हे तिघे एकत्र बसले, तेव्हा त्यांच्यापुढचे काम मर्यादित होते. बरे झाल्यानंतर आजार परत येऊ नये म्हणून कॉग्निटिव्ह थेरपीची एक ‘देखभाल’ आवृत्ती तयार करावी, अशी सीगल यांच्याकडे मागणी होती. आजाराच्या काळात घेतलेली कॉग्निटिव्ह थेरपी पुढेही काही प्रमाणात संरक्षण देते, हे तोवर ठाऊक झाले होते. पण ते संरक्षण नेमके कशाने मिळते, याविषयी या तिघांचे मत प्रचलित मतापेक्षा वेगळे पडले. विचारांमधील मजकूर बदलल्यामुळे, म्हणजे ‘मी नालायक आहे’ हे वाक्य तर्काने खोडून काढल्यामुळे, फायदा होतो असे मानले जाई. त्यांचे म्हणणे असे की, ते वाक्य कागदावर लिहिताना आणि तपासताना रुग्ण नकळत त्याच्यापासून एक पाऊल मागे सरकतो, आणि खरा उपयोग त्या मागे सरकण्याचाच असावा. मग तेच कौशल्य थेट का शिकवू नये?

ते शिकवण्याची पद्धत त्यांना जॉन कबात-झिन यांच्याकडे सापडली. कबात-झिन यांनी १९७९पासून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घकालीन वेदना आणि ताण सोसणाऱ्या रुग्णांसाठी ध्यानावर आधारित आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम चालवला होता. तिघांनी सुरुवातीला त्यातले लक्ष वळवण्याचे तंत्र तेवढे उचलले आणि आपल्या पद्धतीला ‘लक्ष-नियंत्रणाचे प्रशिक्षण’ असेच नाव दिले. पण रुग्ण तीव्र दुःख घेऊन समोर बसला की हे तंत्र तोकडे पडू लागले आणि ते पुन्हा नेहमीच्या थेरपिस्टच्या भूमिकेत शिरून दुरुस्ती करू लागले. कबात-झिन यांच्याकडील प्रशिक्षक दुःख दुरुस्त करायला धावत नाहीत, ते दुःख शरीरात कुठे आणि कसे जाणवते याकडे रुग्णासोबत पाहत राहतात, हे त्यांनी तिथे पुन्हा जाऊन लक्षपूर्वक पाहिले. तसे करायचे तर स्वतः रोज ध्यानाला बसावे लागेल, हेही त्यांना तिथेच पटले. मला या इतिहासातला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आजही हा उपचार शिकवणाऱ्याने स्वतः नियमित सराव केलेला असावा, ही अट इथूनच आली आहे.

यातून घडलेला उपचार म्हणजे माइंडफुलनेसवर आधारित कॉग्निटिव्ह थेरपी, संक्षेपाने एमबीसीटी. साधारण बारा जणांपर्यंतचा गट, आठवड्यातून एकदा दोन तासांचे सत्र, अशी आठ सत्रे, आणि घरी आठवड्यातले सहा दिवस पाऊण तासाच्या आसपास सराव. पहिल्या सत्रात एक मनुका हातावर घेऊन ती पाहायची, चाचपायची, हुंगायची आणि सावकाश चावायची. आपण किती गोष्टी लक्ष नसताना करत असतो, हे त्यातून कळते. सुरुवातीच्या आठवड्यांत पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत शरीरातील संवेदनांवरून क्रमाने लक्ष फिरवायचे, नंतर श्वासाबरोबर बसायचे, आणि तिसऱ्या सत्रापासून तीन मिनिटांचा श्वास-विराम शिकायचा.

दुसऱ्या सत्रातील एक छोटा अभ्यास पाहिला की या उपचाराचे मर्म ध्यानात येते. डोळे मिटून कल्पना करायची की आपण रस्त्याने चाललो आहोत, पलीकडच्या बाजूला ओळखीची व्यक्ती दिसते, आपण हात हलवतो आणि ती व्यक्ती लक्ष न देता पुढे निघून जाते. समजा, तीन वेळा नैराश्यातून गेलेली एक स्त्री या गटात आहे. तिच्या मनात पहिला विचार येतो, ‘तिने मुद्दाम टाळले’. पाठोपाठ ‘मी काहीतरी बोलले असणार’, आणि मग ‘शेवटी सगळेच मला टाळतात’. छातीत जडपणा येतो. शेजारच्या माणसाला त्याच प्रसंगात वाटते, ‘तिचे लक्ष नसेल’. प्रसंग एकच असूनही इतकी वेगळी उत्तरे येतात, हे गटात ऐकल्यावर आपला विचार म्हणजे घटना नव्हे, तो घटनेचा एक अर्थ आहे, हे तिला प्रथमच समोर दिसते. काही आठवड्यांनी खरोखरच असा प्रसंग घडतो, तेव्हा ती ‘ती मला टाळत नाही’ असे स्वतःला पटवत बसत नाही. पहिल्या मिनिटात ती नुसती नोंद करते: ‘टाळल्याचा विचार आला आहे, छाती जड आहे.’ दुसऱ्या मिनिटात लक्ष पोटातील श्वासाच्या हालचालीवर आणते. तिसऱ्या मिनिटात ते पुन्हा सगळ्या शरीरापर्यंत पसरवते, जडपणाही त्यात राहू देते, आणि मग पुढे काय करायचे ते ठरवते. खिन्नता गेलेली नसते. पण तिसऱ्या वाक्यापर्यंत पोचलेली साखळी चौथ्यावर जात नाही.

इथेच बिघडण्याची शक्यताही असते. हा विराम उदासी घालवण्याची युक्ती म्हणून वापरला, तर ‘अजून का गेली नाही?’ हा प्रश्न लगेच उभा राहतो आणि डोळे मिटून जुनाच रवंथ सुरू होतो. सराव संपल्यावर माणूस आपल्या संवेदनांविषयी न बोलता ‘मला जमले की नाही’ एवढेच बोलत असेल, तर हे घडत असल्याची ती खूण समजावी.

पहिली मोठी चाचणी टोरांटो, बँगोर आणि केंब्रिज या तीन ठिकाणी झाली आणि २००० साली प्रसिद्ध झाली. बरे झालेले आणि औषधे थांबवलेले १४५ जण त्यात होते आणि पाठपुरावा ६० आठवड्यांचा होता. तीन किंवा अधिक आवर्तने झालेल्यांपैकी नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात ६६ टक्के जणांचे नैराश्य उलटले, तर एमबीसीटी घेतलेल्या गटात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास राहिले. पण ज्यांना दोनच आवर्तने झाली होती, त्यांना काहीच फायदा झाला नाही. २००४ साली एस. हेलन मा आणि टीसडेल यांनी ७५ जणांवर पुन्हा चाचणी घेतली तेव्हाही तेच चित्र दिसले: तीन किंवा अधिकवाल्यांत ७८ विरुद्ध ३६ टक्के, आणि दोनवाल्यांत फायदा नाही.

उपचार कुणाला लागू पडत नाही, यावरून तो कसा चालतो ते इतके स्पष्ट व्हावे, असे क्वचितच घडते. दोन आवर्तनांच्या गटातील माणसांना पहिले नैराश्य उशिरा आले होते, बालपण तुलनेने बरे गेले होते, आणि त्यांचे नैराश्य उलटले ते मुख्यतः मृत्यू, ताटातूट यांसारख्या मोठ्या आघातानंतर. तीन किंवा अधिकवाल्यांचे नैराश्य अनेकदा बाहेर फारसे काही न घडताच उलटत होते, आणि असे उलटणे रोखण्यातच एमबीसीटी सर्वांत परिणामकारक ठरली. आतून सुरू होणारी साखळी तोडण्यासाठी घडवलेला हा उपचार बाहेरून कोसळलेल्या दुःखावर चालला नाही. २००४ सालीच, उपचारांविषयी मार्गदर्शक शिफारशी करणाऱ्या इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेने तीन किंवा अधिक आवर्तने झालेल्यांसाठी त्याची शिफारस केली.

पुढे विलेम कायकेन यांच्या गटाने एमबीसीटीची तुलना चालू ठेवलेल्या नैराश्यविरोधी औषधांशी केली. २०१०च्या एका विश्लेषणात त्यांना असे आढळले की, खिन्न केल्यावर जुने विचार जागे होण्याचे प्रमाण एमबीसीटी घेतलेल्यांमध्ये कमी झालेले नव्हतेच. औषध घेणाऱ्यांमध्ये ते जास्त असले की वर्षभराने नैराश्याची लक्षणे वाढलेली दिसत. एमबीसीटी घेतलेल्यांमध्ये हा संबंधच उरला नव्हता. विचार येत होते, पण त्यांचा विखार ओसरला होता, आणि स्वतःशी मायेने वागण्याची वाढलेली क्षमता यामागे असल्याचे दिसले.

औषधांपेक्षा हा उपचार सरस आहे, असे मात्र सिद्ध झालेले नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ४२४ जणांच्या चाचणीत दोन वर्षांत औषध हळूहळू कमी करून एमबीसीटी घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के आणि औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी ४७ टक्के जणांचे नैराश्य उलटले. हा फरक नगण्य आहे. म्हणून चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करून याकडे वळणे धोक्याचे आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच व्हावे लागते. नऊ चाचण्यांमधील १,२५८ जणांची माहिती एकत्र करून २०१६ साली केलेल्या विश्लेषणात ६० आठवड्यांत हे प्रमाण एमबीसीटी घेतलेल्यांत ३८ आणि न घेतलेल्यांत ४९ टक्के आढळले, आणि बरे झाल्यावरही ज्यांच्यात काही लक्षणे रेंगाळत होती त्यांना अधिक फायदा दिसला. त्याआधी, २०१४ साली, विल्यम्स यांच्या चाचणीत सर्वांचा मिळून विचार करता ठोस फरक आढळला नव्हता. पण बालपणी अधिक आघात सोसलेल्यांना एमबीसीटीने संरक्षण मिळाले होते. ‘तीन’ हा आकडा म्हणजे बहुधा एक ढोबळ खूणच होती. ती गाठ किती लवकर पडली आणि किती घट्ट बसली, हे त्या आकड्यामागे दडलेले होते.