१२४ अभ्यास आणि न सापडलेला पुढारी

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं भाषण झालं. निमित्त होतं न्यायमूर्ती रानड्यांच्या १०१व्या जयंतीचं. रानडे थोर पुरुष होते का, हे सांगण्याआधी बाबासाहेबांनी एक आडवळण घेतलं आणि इतिहास थोर माणसं घडवतात की परिस्थिती, या वादात हात घातला. भूगोल आणि अर्थव्यवस्था सगळं ठरवतात हे मत त्यांना पटत नव्हतं. त्यांचा दाखला मोठा नेमका आहे: आग पाडायला दोन गारगोट्या लागतात हे खरं, पण त्या एकमेकींवर आपटायला माणूस लागतो. तरीही त्याच भाषणात त्यांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १९४८मध्ये, अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या राल्फ स्टॉगडिल या मानसशास्त्रज्ञाने हाच वाद वेगळ्या वाटेने धसाला लावला. त्याने भाषण केलं नाही. १९०४ ते १९४७ या काळात पुढाऱ्यांच्या गुणांवर झालेले १२४ अभ्यास त्याने एकत्र केले आणि कोणत्या गुणाबद्दल कोणाला काय सापडलं याचा हिशेब मांडला.

हे अभ्यास कुठून आले ते आधी थोडक्यात. स्कॉटिश लेखक थॉमस कार्लाइलने १८४०मध्ये लंडनला व्याख्यानं देऊन जगाचा इतिहास म्हणजे थोर पुरुषांची चरित्रं, असा सिद्धांत मांडला. त्यात मोजण्यासारखं काही नव्हतं. मोजमाप आणलं फ्रान्सिस गॉल्टनने. १८६९मध्ये त्याने इंग्लंडच्या २८६ न्यायाधीशांच्या वंशावळी तपासल्या. त्यांतला दर नवांमागे एकाहून जास्त न्यायाधीश दुसऱ्या एखाद्या न्यायाधीशाचा बाप, मुलगा किंवा भाऊ निघाला. गॉल्टन म्हणाला, कर्तृत्व रक्तातून येतं. न्यायाधीशाच्या मुलाला रक्ताबरोबर वडिलांचे पक्षकार, ओळखी आणि पुस्तकांचं कपाटही मिळतं, हे त्याने फारसं मनावर घेतलं नाही. हर्बर्ट स्पेन्सरने १८७३मध्ये उलट बाजू मांडली: थोर माणूस समाज घडवतो हे मान्य, पण त्याआधी समाजाने त्याला घडवावं लागतं. (आपल्याकडे आगरकरांवर याच स्पेन्सरचा मोठा प्रभाव होता.)

विसाव्या शतकात मानसशास्त्राच्या हाती चाचण्या आल्या आणि थोर पुरुषांऐवजी साध्या पुढाऱ्यांचा अभ्यास सुरू झाला. पद्धत अशी: शाळेत जायचं आणि वर्गाचे प्रतिनिधी, संघांचे कप्तान शोधायचे, किंवा मुलांनाच विचारायचं, ‘तुमच्यात पुढारी कोण?’ मग पुढारी एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला. दोघांची उंची, वजन, बुद्धी, बोलकेपणा, आत्मविश्वास, घरची परिस्थिती मोजायची आणि फरक कुठे दिसतो ते पाहायचं.

स्टॉगडिलच्या हिशेबात काही गोष्टी पुन्हा पुन्हा वर आल्या. सरासरी पुढारी गटातल्या सरासरी माणसापेक्षा थोडा हुशार, अभ्यासात पुढे, जबाबदारी निभावणारा, सार्वजनिक कामात भाग घेणारा आणि बऱ्या घरचा असतो. पण वय आणि उंची घेतली तर कुठे पुढारी मोठा, कुठे लहान. हुशारीतही गाठ होतीच. लीटा हॉलिंगवर्थ यांनी मुलांच्या गटांत पाहिलं होतं की पुढारी इतरांपेक्षा हुशार असतो खरा, पण फार हुशार नसतो. बुद्ध्यांकात तीस गुणांच्या आसपास अंतर पडलं की पुढारीपण जमतच नाही, कारण त्या मुलाची भाषा आणि आवडी बाकीच्यांना परक्या वाटू लागतात. म्हणजे १३० बुद्ध्यांकाचा एकच मुलगा एका वर्गात पुढारी होईल आणि दुसऱ्या वर्गात एकटा पडेल. गुण तोच, भोवतालची माणसं बदलली.

स्टॉगडिलचा निष्कर्ष यातूनच निघतो. ठरावीक गुणांची पुरचुंडी जवळ आहे म्हणून कोणी पुढारी होत नाही. ते गुण अनुयायांच्या गरजांशी, त्यांच्या कामाशी आणि ध्येयांशी जुळावे लागतात. व्यवस्थापनाच्या क्रमिक पुस्तकांत याचं ‘स्टॉगडिलने गुणांचा सिद्धांत मोडीत काढला’ असं सपाट वाक्य झालं. त्याने तसं म्हटलेलं नाही. गुण एकटे पुरत नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मला त्या जुन्या अभ्यासांची खरी मेख त्याच्याही आधीच्या टप्प्यावर दिसते. ते ज्याला मोजत होते तो आधीच पुढारी झालेला होता. कप्तानाचा आत्मविश्वास जास्त भरला, तर तो आत्मविश्वासामुळे कप्तान झाला की कप्तान झाल्यामुळे आत्मविश्वास आला? त्या मोजणीतून हे कळायला मार्गच नव्हता.

मार्ग एकच: माणूस तोच ठेवून वागणं बदलायचं. हे काम १९३८-३९च्या सुमारास आयोवा विद्यापीठात झालं होतं. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेला कुर्ट लेविन आणि त्याचे सहकारी रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे पाच-पाच जणांचे चार क्लब काढले. शाळा सुटल्यावर मुलं जमायची. मुखवटे करणं, साबण कोरणं, विमानांच्या प्रतिकृती जोडणं असे उद्योग चालायचे. प्रत्येक क्लबला एक मोठा माणूस नेता असे आणि दर सहा आठवड्यांनी तो बदलला जाई. खुबी अशी की नेत्यांनाही आपली रीत बदलावी लागे. एका क्लबात हुकूमशहा झालेला माणूस दुसरीकडे लोकशाहीवादी होई.

प्रत्येक रीतीत कसं वागायचं हे आधी ठरलेलं होतं. हुकूमशहा एका वेळी एकच पायरी सांगायचा, त्यामुळे पुढे काय करायचंय ते मुलांना कळत नसे. कोणी कोणाबरोबर काम करायचं तेही तोच ठरवी. लोकशाही नेता पूर्ण काम आधी समजावून द्यायचा, अडलं तर दोन-तीन मार्ग सुचवायचा आणि निवड मुलांवर सोडायचा. तिसरी रीत योगायोगाने सापडली. व्हाइटचा लोकशाहीचा पहिला प्रयोग इतका सैल झाला की ती लोकशाही नव्हेच, हे बघणाऱ्यांच्या लक्षात आलं. मग ‘मोकाट सोडणं’ अशी ती वेगळी रीत धरली गेली.

निरीक्षक आडून टिपणं घेत होते. मधूनच नेता काही निमित्ताने खोलीबाहेर जाई, आणि सगळ्यात बोलका आकडा इथेच मिळाला. हुकूमशहापुढे मान खाली घालून वागणाऱ्या क्लबांत नेता समोर असताना ७४ टक्के वेळ कामात जाई. तो बाहेर पडला की २९ टक्के. लोकशाही क्लबांत नेता असताना ५० टक्के, नसताना ४६. म्हणजे नुसतं समोरचं काम मोजलं असतं तर हुकूमशहाच सरस ठरला असता. मुलांचं मत विचारलं तेव्हा २०पैकी १९ जणांना हुकूमशहापेक्षा लोकशाही नेता आवडला. उरलेला एक मुलगा सैन्यातल्या अधिकाऱ्याचा होता. हा प्रयोग थोड्या अमेरिकी मुलांवरचा आणि साबण कोरण्यावरचा, शिवाय करणाऱ्यांची सहानुभूती कोणत्या बाजूला होती हे उघड आहे. पण त्याने एक गोष्ट दाखवली: माणूस न बदलता नुसती रीत बदलली तरी गट बदलतो.

मग वागणं शिकवताही येईल, अशी आशा निर्माण झाली. ओहायो स्टेटच्या संशोधकांनी पुढाऱ्याच्या वागण्याचे दोन मोठे भाग पाडले. एक माणसांची कदर, दुसरा कामाची आखणी. इंटरनॅशनल हार्वेस्टर या ट्रॅक्टर-ट्रक बनवणाऱ्या कंपनीने आपल्या फोरमनना शिकागोत दोन आठवड्यांच्या वर्गाला पाठवलं होतं. ओहायो स्टेटच्याच एडविन फ्लेशमनने त्यांची वर्गाआधी आणि नंतर तपासणी केली. वर्ग संपताना फोरमन माणसांच्या कदरीबद्दल जास्त बोलत होते. प्रशिक्षण यशस्वी! पण कारखान्यात परतलेल्या फोरमनांची पाहणी केली, तर वर्गाला गेलेले आणि न गेलेले यांच्या वागण्यात धड फरक नव्हता. फोरमन हाताखालच्यांशी कसा वागतो याचा संबंध दिसला तो त्याचा वरचा साहेब त्याच्याशी कसा वागतो याच्याशी. साहेब खेकसणारा असेल तर शिकागोचा धडा तिथेच विरघळे. गुणांनंतर वागण्यावर आलेला अभ्यास असा परिस्थितीपाशी जाऊन ठेपला. १९६०च्या दशकात फ्रेड फीडलरने कोणत्या परिस्थितीत कोणता नेता चालेल याचं पहिलं सविस्तर प्रारूप मांडलं.

गुण मात्र कायमचे हद्दपार झाले नाहीत. १९६२मध्ये डीन बार्नलंडने पाच-पाच जणांचे गट करून वेगवेगळी कामं दिली आणि दर वेळी काम आणि सोबती दोन्ही बदलले. तो म्हणाला, पुढारीपण टिकत नाही, काम बदललं की पुढारी बदलतो. १९८३मध्ये डेव्हिड केनी आणि स्टीफन झकॅरो यांनी त्याचेच आकडे नव्या गणिताने तपासले, तर पुढारीपणातल्या फरकाचा ४९ ते ८२ टक्के भाग माणसाच्या स्वतःच्या टिकाऊ स्वभावाकडे जात होता. आकडे तेच, निष्कर्ष उलटा.

२००२मध्ये टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी व्यक्तिमत्त्वाच्या पाच घटकांवरचे अनेक अभ्यास एकत्र केले. बोलक्या, बहिर्मुख स्वभावाचा पुढारी म्हणून निवडलं जाण्याशी सहसंबंध ०.३३ निघाला. याचा अर्थ असा: दोन माणसं चिठ्ठ्या टाकून उचलली, तर त्यांतला जास्त बहिर्मुख माणूस पुढारी म्हणून वर असण्याची शक्यता शंभरात साधारण ६१. नाणं उडवून ५० मिळतातच.

पण जज यांनी दोन प्रश्न वेगळे ठेवले: पुढारी कोणाला मानतात, आणि पुढारी झाल्यावर काम कोणाचं चांगलं ठरतं? नेटका, शिस्तीचा माणूस पहिल्या प्रश्नात बहिर्मुखाइतकाच पुढे, ०.३३, दुसऱ्यात तो ०.१६वर घसरतो. सौजन्याचं उलट आहे. सौम्य, समजून घेणाऱ्या स्वभावाचा पुढारी मानलं जाण्याशी संबंध जवळपास नाहीच, ०.०५, पण काम चांगलं होण्याशी ०.२१. ‘तुमच्यात पुढारी कोण?’ असं विचारून पुढारी शोधणाऱ्या त्या जुन्या अभ्यासांना हा सौम्य मुलगा दिसलाच नसता.