सोळाने गुणलं म्हणजे दहा वर्षं कापली का?

"भाऊ मिरकरवाड्यात ट्रॉलरवर खलाशी. महामार्गावर ट्रकने उडवला, वय 34. साठीला 26 वर्षं होती, मग कोर्टाने 16 च वर्षांचे पैसे का दिले?"

16 म्हणजे वर्षं नव्हेत, तो गुणक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात 31 ते 35 वयाला 16 दिलाय.

समजा महिना 15,000 मिळत होते. चाळिशीच्या आतला, स्वतःची कमाई करणारा किंवा ठरावीक पगारावरचा, म्हणून पुढच्या वाढीपोटी 40 टक्के धरले की 21,000. बायको, दोन मुलं, आई असे चौघं अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की उरतात 15,750. वर्षाचे 1,89,000, गुणिले 16 म्हणजे 30,24,000.

आता खरी मेख. ही रक्कम एकदम हातात येते. सव्वासहा टक्क्यांनी बँकेत ठेवली तर वर्षाचं व्याजच 1,89,000 होतं, आणि मुद्दल जागेवर राहतं. 26 ने गुणलं असतं तर नुकसानीपेक्षा जास्तच झालं असतं.

त्याचा सहवास गेल्याची भरपाई, अंत्यविधीचा खर्च वगैरेंची रक्कम वेगळी. त्यांना गुणक नाही.

भरपाईवर कोर्ट जे व्याज देतं, ते मात्र नीट बघा. ते साधारणपणे अपघातापासून नव्हे, अर्ज दाखल केल्यापासून धरतात, तेही सरळव्याज. 7 टक्के दर लागला तर 30,24,000 वर वर्षाला 2,11,680. अर्जाला जितका उशीर, तितक्या काळाचं व्याज गेलंच.