‘देवगड की रत्नागिरी?’ विचारणारा आणि ‘पेटी केवढ्याला?’ विचारणारा

हापूस विकणाऱ्या बागायतदाराच्या वेबसाइटवर ही दोन्ही गिऱ्हाइकं येतात आणि दोघांनाही आंबाच घ्यायचा असतो. म्हणून दोघांसाठी एकच पान करून त्याला एकच टायटल, म्हणजे गुगलच्या निकालात दिसणारं शीर्षक, देतात, आणि तिथेच गल्लत होते.

‘देवगड हापूस की रत्नागिरी हापूस’ असं गुगलवर टाकणाऱ्याचं अजून ठरलेलं नाही. त्याला दोन्हींतला फरक हवाय, त्यामुळे टायटलने तुलनेचं वचन द्यावं: ‘देवगड की रत्नागिरी हापूस: चव, साल आणि भावातला फरक’. भाव इथेही चालतो, पण तुलनेतला एक मुद्दा म्हणून. ‘देवगड हापूस ५ डझन पेटी ऑनलाइन’ टाकणाऱ्याचं मात्र ठरलंय. ‘देवगड हापूस पेटी: आजचा भाव, घरपोच’ एवढं त्याला पुरे. त्याच्यापुढे फरक सांगत बसलात तर तो शेजारच्या दुकानात जाणार.

‘आंबा अढीत कसा पिकवावा’ विचारणाऱ्याचा प्रश्न सरळ आहे, त्याला मार्गदर्शन द्या. त्याच्या टायटलमध्ये पेटीचा भाव घुसडू नका.

खरी फसगत ‘हापूस भाव’ या दोन शब्दांत आहे. वरवर पाहता हा खरेदीचा शोध वाटतो. पण एप्रिलमध्ये हे टाकणारा राजापूरचा बागायतदारही असू शकतो, ज्याला वाशी बाजार समितीतला आजचा दर बघायचाय. त्याला आंबा विकायचाय, घ्यायचा नाही! त्यामुळे शब्दांवरून अंदाज बांधण्यापेक्षा तो शोध स्वतः करून पहिलं पान बघावं. वर बाजारभावाचे तक्ते आणि बातम्या असतील तर लोकांना माहिती हवी आहे. दुकानांची पानं असतील तर खरेदी. दोन्हींची सरमिसळ असेल, तर ‘पेटी’, ‘घरपोच’ असे शब्द घालून आपलं गिऱ्हाईक वेगळं काढावं.

टायटल चुकलंय हे सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपलं पान कुठल्या शोधाला दिसलं आणि त्यावर किती क्लिक झाले ते दाखवणाऱ्या गुगलच्या साधनात, कळतं. एकेक शोधवाक्य उघडून बघा. पान वरच्या चार-पाचांत दिसतंय, पण क्लिक फारच कमी, तर बहुतेक वचनच भलत्याला दिलेलं असतं. क्लिक भरपूर आणि ऑर्डर नाही, तर दोष पानात शोधा: टायटलमध्ये ‘आजचा भाव’ आणि आत ‘भावासाठी फोन करा’ हा प्रकार सर्रास दिसतो.

प्रत्यक्ष रुपयांचा आकडा मात्र टायटलमध्ये टाकू नये असं माझं मत. मार्चमधला भाव मेमध्ये राहत नाही, आणि पान बदललं तरी गुगल ते पुन्हा वाचेपर्यंत जुनाच आकडा निकालात झळकत राहतो. आकडा पानावर, तारखेसकट लिहावा. शिवाय टायटल आणि पानावरचा मजकूर जुळला नाही, तर गुगल पानावरच्या मथळ्यातून स्वतःच दुसरं टायटल उचलू शकतं; म्हणून मथळ्यातही तेच वचन असू द्या.