हगवण लागलेल्या वासराचे दूध तोडावे का?

वासराला हगवण लागली की गोठ्यात बहुधा सर्वांत आधी त्याचे दूध तोडले जाते. पोटात काही गेले नाही तर शेणही पातळ पडणार नाही, असा त्यामागचा हिशेब असतो. प्रत्यक्षात वासरू दगावते ते अंगातले पाणी व क्षार निघून गेल्यामुळे आणि रक्तातली आम्लता वाढल्यामुळे. दूध तोडल्याने त्यात उपासमारीची भर पडते.

हगवणीतही आतड्यातली एक वाट बरीचशी चालू राहते. ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत ओढले जातात व त्यांच्यामागून पाणी जाते. क्षारद्रावणाचा सारा आधार हाच आहे. मात्र घरगुती मीठ-साखरेचे पाणी माणसाला चालले तरी वासराला चालत नाही, कारण साखर फोडणारे विकर वासराच्या आतड्यात जवळजवळ नसतेच. न पचलेली साखर वा गूळ आतड्यात आंबतो आणि हगवण वाढवतो. माणसांच्या ओआरएसमध्ये ग्लुकोज असते, पण वासराच्या गरजेच्या मानाने सोडियम आणि आम्लता उतरवणारा क्षार कमी पडतो. म्हणून वासरांसाठीचीच पुडी पशुवैद्यकाकडून आणावी आणि तिच्यावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती विरघळवावी.

समजा, दहा दिवसांचे, 30 किलो वजनाचे संकरित वासरू आहे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सपाट व्हायला सुमारे तीन सेकंद लागतात, डोळे किंचित खोल गेले आहेत, पण ते उभे राहते आणि तोंडात घातलेले बोट जोराने चोखते. अशा वासराच्या अंगातले अंदाजे दोन लिटर पाणी कमी झालेले असते, शिवाय हगवणीतून आणखी जातच असते. त्याला सकाळी सहाला व संध्याकाळी सहाला दीड-दीड लिटर दूध द्यावे आणि सकाळी दहा, दुपारी दोन व रात्री दहाच्या सुमारास दीड-दीड लिटर कोमट द्रावण पाजावे. एका वेळी एवढे दूध पीत नसेल तर तेच तीन-चार वेळांत वाटून द्यावे. दूध आणि द्रावण यांत दोन-तीन तासांचे अंतर हवे, कारण अनेक पुड्यांतला सोडा जठरातली आम्लता घटवतो आणि दूध नीट साकळू देत नाही. याच कारणाने पुडी दुधात कालवू नये. साधे स्वच्छ पाणी मात्र समोर कायम असावे.

चोखणे बंद झाले, तोंड आतून गार लागले किंवा वासरू उठेनासे झाले, तर जबरदस्तीने बाटलीने पाजू नये; द्रावण फुप्फुसात उतरते. अशा वासराला शिरेतून सलाईन लागते आणि ते पशुवैद्यकानेच द्यावे. ताप किंवा शेणात रक्त असेल तरीही त्याला बोलवावेच, पण साध्या हगवणीत प्रत्येक वेळी प्रतिजैविकांची सुई टोचण्याची गरज नसते.

द्रावण सुरू झाल्यावर शेण लगेच घट्ट होईल अशी अपेक्षा धरू नये. उलट दोन-तीन दिवस ते पातळच राहील, आणि तेवढ्यावरून दूध पुन्हा तोडण्याचा मोह होईल. सुधारणा शेणात न पाहता चोखण्याच्या जोरात, डोळ्यांत आणि मानेच्या कातडीत पाहावी.