इंटिग्रल डोमेनमधील अविघटनीय घटक आणि मूळ घटक

शाळेत मूळ संख्येची ओळख होते ती अशी: जिला 1 आणि ती स्वतः यांखेरीज दुसरा विभाजक नाही ती. पुढे याच संख्यांचा आणखी एक गुण आपण न बोलता वापरत राहतो. 7 ने एखाद्या गुणाकाराला भाग जात असेल, तर त्या गुणाकारातल्या निदान एका अवयवाला 7 ने भाग जातोच. पूर्णांकांमध्ये हे दोन्ही गुण नेहमी एकत्र आढळतात, त्यामुळे ते वेगळे आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. पूर्णांकांबाहेर पाऊल टाकले की त्यांची फारकत होऊ शकते, आणि म्हणून बीजगणितात त्यांना दोन निराळी नावे आहेत. पहिला गुण असणारा घटक इर्रिड्युसिबल म्हणजे अविघटनीय, आणि दुसरा गुण असणारा प्राइम म्हणजे मूळ.

ज्या संख्याव्यवस्थेत बेरीज, वजाबाकी व गुणाकार नेहमीच्या नियमांनी चालतात, गुणाकाराचा क्रम बदलला तरी चालतो, 1 आहे (आणि तो 0 नाही), आणि दोन शून्येतर घटकांचा गुणाकार कधीही शून्य होत नाही, तिला इंटिग्रल डोमेन म्हणतात. तिच्यातल्या ज्या घटकाचा गुणाकार व्यस्तही तिच्यातच सापडतो, तो एकक. पूर्णांकांत 1 आणि -1 हे दोनच एकक आहेत. एककाने गुणल्यामुळे विभाज्यतेत काहीच बदलत नाही, म्हणून अवयव पाडताना एकक हिशेबात धरत नाहीत.

आता p हा शून्य नसलेला आणि एकक नसलेला घटक घेऊ. p = ab असे कोणत्याही प्रकारे लिहिले तरी a किंवा b यांपैकी एक एककच निघत असेल, तर p अविघटनीय. आणि p ने ab ला भाग जातो तेव्हा तेव्हा a ला किंवा b ला p ने भाग जात असेल, तर p मूळ. पहिल्या व्याख्येत प्रश्न p च्या पोटात काय आहे याचा आहे, तो आणखी फोडता येतो का एवढाच. दुसऱ्या व्याख्येत p इतरांच्या गुणाकारात कसा वागतो ते पाहायचे आहे. ही दुसरी अट अधिक कडक आहे, कारण तिच्यात व्यवस्थेतले सगळेच घटक साक्षीला येतात.

मूळ घटक अविघटनीय असतोच, आणि याची सिद्धता एका दमात होते. p मूळ आहे आणि p = ab आहे असे धरू. मग p ने ab ला भाग जातो, म्हणून समजा a ला भाग जातो, म्हणजे a = pc. यावरून p = pcb. दोन्ही बाजूंचा p काढला की cb = 1 उरते, म्हणजे b एकक आहे. सिद्धतेचा सगळा भार 'p काढला' या पायरीवर आहे. ती पायरी चालते कारण p(1 - cb) = 0 आहे, p शून्य नाही, आणि इंटिग्रल डोमेनमध्ये शून्येतर घटकांचा गुणाकार शून्य होत नाही. ही अट सोडली की निष्कर्षही सुटतो. 6 ने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या अंकगणितात 2 मूळ आहे, पण तिथे 2 = 2 × 4 होते आणि 2 किंवा 4 यांपैकी एकही एकक नाही. म्हणून ही तुलना इंटिग्रल डोमेनमध्येच करतात.

उलट दिशेचे विधान मात्र इंटिग्रल डोमेनमध्येही खोटे ठरू शकते. त्यासाठी Z[√-5] ही व्यवस्था घेऊ. तिच्यातले घटक a + b√-5 असे असून a आणि b पूर्णांक आहेत. इथे 21 चे अवयव तीन तऱ्हांनी पडतात:

21 = 3 × 7
21 = (1 + 2√-5)(1 - 2√-5)
21 = (4 + √-5)(4 - √-5)

दुसऱ्या ओळीत 1 + 20 आणि तिसरीत 16 + 5 असा हिशेब आहे. या तीन तऱ्हा खरोखर वेगळ्या आहेत, की तेच अवयव आणखी फोडून निराळे जुळवले आहेत, हे आधी तपासायला हवे. पूर्णांकांत 60 = 6 × 10 आणि 60 = 4 × 15 ही फोड वेगळी दिसते, पण दोन्ही ठिकाणी पुढे तेच मूळ अवयव मिळतात.

तपासणीचे साधन आहे नॉर्म. N(a + b√-5) = a² + 5b². हा नेहमी ऋणेतर पूर्णांक असतो आणि गुणाकाराचा नॉर्म हा नॉर्मांचा गुणाकार असतो. नॉर्म 1 असलेले घटक फक्त 1 आणि -1, आणि तेवढेच इथले एकक. 3 चा नॉर्म 9, 7 चा 49, आणि उरलेल्या चारही अवयवांचा 21. यांपैकी कोणताही घटक दोन एककेतर घटकांत फुटला, तर त्यातल्या एकाचा नॉर्म 3 किंवा 7 यावा लागेल, कारण 9 = 3 × 3, 49 = 7 × 7 आणि 21 = 3 × 7 यांखेरीज मार्ग नाही. पण a² + 5b² ची किंमत 3 होऊच शकत नाही: b शून्य असेल तर a² = 3 हवे, आणि b शून्य नसेल तर किंमत किमान 5 होते. 7 चेही तसेच: b = 0 घेतले तर a² = 7, b = ±1 घेतले तर a² = 2, आणि b त्याहून मोठा घेतला तर किंमत 20 च्या खाली येत नाही. म्हणजे नॉर्म 3 किंवा 7 असलेला घटकच इथे नाही. सहाही अवयव अविघटनीय आहेत.

तरी त्यांतला एकही मूळ नाही. 3 ने (4 + √-5)(4 - √-5) ला भाग जातो, कारण तो गुणाकार 21 आहे. पण (4 + √-5)/3 चे सहगुणक पूर्णांक नाहीत, म्हणून 4 + √-5 ला 3 ने भाग जात नाही, आणि 4 - √-5 लाही नाही. 7 ची गत हीच. उलट बाजूने पाहिले तर 4 + √-5 ने 3 × 7 ला भाग जातो, पण त्याचा नॉर्म 21 आहे आणि 21 ने 9 ला किंवा 49 ला भाग जात नाही. उरलेल्या तीन अवयवांनाही हाच हिशेब लागू पडतो.

पूर्णांकांत असे का घडत नाही? p अविघटनीय आहे, ab ला p ने भाग जातो, पण a ला जात नाही असे धरू. मग p आणि a यांचा मसावि 1 असतो, आणि युक्लिडच्या भागाकार पद्धतीने px + ay = 1 असे x आणि y मिळतात. दोन्ही बाजूंना b ने गुणले की pbx + aby = b. डावीकडच्या दोन्ही पदांना p ने भाग जातो, म्हणून b लाही जातो.

Z[√-5] मध्ये ही साखळी नेमकी कुठे तुटते ते दाखवता येते. 3 आणि 4 + √-5 हे दोन्ही अविघटनीय आहेत आणि ±1 सोडून त्यांना सामाईक विभाजक नाही. तरीही 3x + (4 + √-5)y = 1 याला उत्तर नाही. √-5 च्या जागी 2 लिहा आणि सगळे 3 ने भागून बाकी पाहा. ही बदली बेरीज व गुणाकार सांभाळते, कारण 2² = 4 आणि -5 या दोघांचीही 3 ने भागून बाकी 1 येते. या बदलीत 3 ची बाकी 0 येते आणि 4 + √-5 चीही 0, कारण तो 6 होतो. मग डावी बाजू नेहमी 0 राहते आणि उजवीकडे 1 आहे. सामाईक विभाजक नसणे आणि दोघांच्या पटींची बेरीज 1 होऊ शकणे या दोन गोष्टी इथे अलग पडल्या आहेत. पूर्णांकांची सवय असलेल्या वाचकाची चूक बहुधा याच पायरीवर होते: 'मसावि 1' असे लिहून झाले की पुढचे समीकरण आपोआप हाताला येते.

या व्यवस्थेत मूळ घटक नाहीतच असे मात्र नाही. एखादी नेहमीची मूळ संख्या q (2 आणि 5 सोडून) इथे काय होते हे ओळखायची सोपी कसोटी अशी: कोणत्या तरी पूर्णांकाच्या वर्गाची आणि -5 ची q ने भागून येणारी बाकी सारखी असेल, तर q मूळ राहत नाही, नसेल तर राहते. 11 साठी वर्गांच्या शून्येतर बाक्या 1, 3, 4, 5, 9 आहेत आणि -5 ची बाकी 6 आहे, म्हणून 11 इथेही मूळ आहे. 29 मूळ नाही, पण त्याचे कारण साधे आहे: 29 = (3 + 2√-5)(3 - 2√-5), आणि हे दोन्ही अवयव मूळ आहेत. अडचणीचे खरे रूप 3 आणि 7 मध्ये दिसते. ते मूळही नाहीत आणि फुटतही नाहीत.

अवयवांच्या एकमेव फोडीशी याचा थेट संबंध आहे. Z[√-5] मध्ये कोणताही शून्येतर, एककेतर घटक घेऊन फोडत गेले तर नॉर्म दर पायरीला लहान होतो, म्हणून काम कुठेतरी थांबते आणि सगळे अवयव अविघटनीय मिळतात. फोड अस्तित्वात असण्याला एवढे पुरते. ती क्रम व एकक सोडता एकच असेल याची हमी मिळते ती अवयव मूळ असल्यावरच. ज्या इंटिग्रल डोमेनमध्ये प्रत्येक शून्येतर, एककेतर घटकाची अविघटनीय फोड होते, तिथे ती फोड एकमेव असते तेव्हा आणि केवळ तेव्हाच, जेव्हा प्रत्येक अविघटनीय घटक मूळ असतो.

हा फरक दुर्लक्षिल्याचे प्रसिद्ध उदाहरण 1847 चे आहे. गाब्रिएल लामे यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे फेर्माच्या अखेरच्या प्रमेयाची सिद्धता मांडली, आणि तिच्यात 1 च्या घातमूळांपासून बनलेल्या संख्यांची फोड एकमेव असते हे गृहीत होते. जोसेफ लिऊव्हिल यांनी तिथेच या गृहीतावर बोट ठेवले. एर्न्स्ट कुमर यांनी तर त्याआधीच ते सर्वत्र खरे नसल्याचे दाखवले होते, आणि त्यावर उपाय म्हणून 'आदर्श संख्या' योजल्या होत्या. रिखार्ड डेडेकिंट यांनी 1871 मध्ये त्याच कल्पनेला आयडियल हे आजचे रूप दिले.

21 च्या तीन फोडींचे कोडे आयडियलांनी उलगडते. 3 आणि 4 + √-5 यांच्या पटींच्या सगळ्या बेरजांचा संच हा एक आयडियल, त्याला P म्हणू, आणि √-5 चे चिन्ह बदलून मिळणारा P′. तसेच 7 आणि 4 + √-5 यांच्यापासून Q, आणि चिन्ह बदलून Q′. हे चारही आयडियल मूळ आहेत, म्हणजे त्यांत एखादा गुणाकार आला की त्याचा निदान एक अवयव त्यांत येतोच, पण त्यांतला एकही एकाच घटकाच्या पटींनी बनत नाही, कारण तसा घटक असता तर त्याचा नॉर्म 3 किंवा 7 आला असता. आयडियलांच्या भाषेत 21 ची फोड एकच आहे: P P′ Q Q′. 3 म्हणजे P P′ आणि 7 म्हणजे Q Q′. 4 + √-5 म्हणजे P Q आणि 4 - √-5 म्हणजे P′ Q′. 1 + 2√-5 म्हणजे P′ Q आणि 1 - 2√-5 म्हणजे P Q′. चार वस्तूंच्या दोन जोड्या लावायच्या तर तीनच रीती आहेत, आणि त्या तिन्ही इथे खऱ्या घटकांच्या रूपाने हजर आहेत.