ध्रुवीय अस्वलाचा केस पांढरा नसतोच

ध्रुवीय अस्वलाचा एक राठ केस चिमटीत धरून उजेडाकडे नेला, तर तो पांढरा दिसत नाही. काचेच्या बारीक तंतूसारखा आरपार दिसतो. त्यात रंगद्रव्य नसतं, आणि आतून तो पोकळ असतो. तरीही अस्वल पांढरं दिसतं, ते खडीसाखर कुटल्यावर पांढरी होते त्याच कारणाने. केसाची बाहेरची बाजू, आतल्या पोकळीच्या ओबडधोबड भिंती आणि शेजारचे असंख्य केस, अशा प्रत्येक ठिकाणी प्रकाश थोडाथोडा वळतो आणि सगळे रंग मिसळूनच बाहेर पडतात.

हे राठ केस 5 ते 15 सेंटिमीटर लांब असतात. त्यांच्याखाली मऊ लोकरीचा दाट थर असतो आणि खरी ऊब तोच राखतो, कारण त्यात अडकलेली हवा हलत नाही. त्याखालची कातडी मात्र काळी असते.

या काळ्या कातडीवरूनच एक गैरसमज रुजला. पोकळ केस ऑप्टिकल फायबरसारखे सूर्याचे अतिनील किरण कातडीपर्यंत नेतात आणि अस्वलाला ऊब देतात, असं अजूनही अनेक ठिकाणी छापलं जातं. अमेरिकेतील सेंट लॉरेन्स विद्यापीठाचे डॅनियल कून यांनी 1998 मध्ये केस प्रत्यक्ष तपासून हे खोडून काढलं. जेमतेम 6 मिलिमीटरच्या तुकड्यातूनसुद्धा अतिनील प्रकाशाचा एक हजारांश टक्काही पलीकडे पोहोचला नाही. केस ज्या केराटिनचा बनलेला असतो, तेच हा प्रकाश शोषून घेतं. म्हणूनच अतिनील कॅमेऱ्याच्या छायाचित्रात पांढऱ्या बर्फावर हे अस्वल काळं दिसतं.

उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात याच्या उलट घडतं. नाक आणि चेहरा उजळतो, पण बाकीचं अंग भोवतालच्या बर्फात जवळपास मिसळून जातं. शरीर आत 37 अंशांवर असलं, तरी केसांचा बाहेरचा थर हवेइतकाच गार राहतो. ऊब आतच अडवली गेली आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

ही व्यवस्था पाण्यात कोलमडते. लोकर भिजली की हवेच्या जागी पाणी शिरतं आणि ते उष्णता झपाट्याने ओढून नेतं. तेव्हा भिस्त कातडीखालच्या चरबीवर असते. धष्टपुष्ट मोठ्या अस्वलात ती 10 सेंटिमीटरपर्यंत जाड असते. पिल्लांच्या अंगावर ती फार कमी, म्हणून थंड पाण्यात ती लवकर गारठतात. पाण्यातून बाहेर येताच अस्वल अंग जोरात झटकतं, बर्फात लोळतं, ते लोकरीत पुन्हा हवा भरावी म्हणून.

केसाच्या पोकळीचा तोटाही आहे. सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातली तीन अस्वलं 1970 च्या दशकाच्या अखेरीस हिरवी दिसू लागली. ल्युइन आणि रॉबिन्सन या संशोधकांनी केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा हिरवं शेवाळ केसांवर नव्हे, तर पोकळीच्या आत वाढलेलं आढळलं. आणि केस पारदर्शक असल्यामुळेच ते बाहेरून दिसत होतं.