जुन्या गाडीची विक्री आणि विमा: हस्तांतर, रद्द करणे आणि खरेदीदाराचे चौदा दिवस

नाशिकमध्ये जुनी गाडी विकली गेली की विकणारा आणि घेणारा या दोघांचेही लक्ष पेठ रोडवरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लागलेले असते. नमुना २९ आणि ३० वर सह्या होतात, पैसे खात्यात जमा होतात, दुसरी किल्ली शोधून दिली जाते, आणि विम्याचा कागद गाडीच्या कप्प्यात जसा होता तसाच नव्या मालकाकडे जातो. "विमा जूनपर्यंत चालू आहे, चिंता नको," एवढ्या एका वाक्यावर हा विषय संपतो. हे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यासाठीच ही माहिती आहे.

सर्वसमावेशक पॉलिसी म्हणजे एकाच कागदावरचे दोन निराळे करार असतात. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेचा किंवा नुकसानीचा. दुसरा ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या मोडतोडीचा आणि चोरीचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १५७ नुसार गाडीची मालकी बदलली की विमा प्रमाणपत्र आणि पॉलिसी हस्तांतराच्या तारखेपासून नव्या मालकाच्या नावे झाली असे कायदा मानून चालतो, आणि खरेदीदाराने त्या तारखेपासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करावा, असे त्याच कलमात सांगितले आहे. तथापि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मधील कम्प्लीट इन्सुलेशन्स प्रकरणात स्पष्ट केले की, हे आपोआप होणारे हस्तांतर फक्त थर्ड पार्टीच्या भागापुरते आहे. ओन डॅमेज हा विकणारा आणि कंपनी यांच्यातील खासगी करार असल्याने कंपनीने नव्या मालकाला मान्य केल्याखेरीज तो त्याच्याकडे जात नाही.

याचा प्रत्यक्ष अर्थ एका उदाहरणावरून पाहू. सिडकोतील एका गृहस्थांची गाडी जून २०२१ मध्ये घेतलेली आहे आणि तिची चालू पॉलिसी १० जून २०२५ ते ९ जून २०२६ अशी आहे. चार वर्षे एकही दावा न घेतल्यामुळे त्यांना ४५ टक्के नो क्लेम बोनस मिळालेला आहे. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी ते ही गाडी सातपूरच्या एका कामगाराला विकतात आणि त्याच दिवशी ताबा देतात. खरेदीदार विमा कंपनीकडे २० नोव्हेंबरला अर्ज करतो. म्हणजे तो १४ दिवसांच्या आतच आहे आणि कायद्याच्या दृष्टीने त्याचे काहीही चुकलेले नाही. मात्र १६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबई नाक्याजवळ त्याच्या हातून गाडी एका दुचाकीला घासून दुभाजकावर गेली असेल, तर दुचाकीस्वाराची भरपाई कंपनीला द्यावी लागेल. गाडीचा बंपर, रेडिएटर आणि बॉनेट यांचा खर्च मात्र खरेदीदाराच्याच खिशातून जाईल. विकणाऱ्याने दावा करावा तर गाडी विकून पैसे घेतल्यामुळे तिच्यात त्याचे आर्थिक हित उरलेले नाही, आणि खरेदीदाराने करावा तर त्या दिवशी त्याचा कंपनीशी ओन डॅमेजचा करारच नाही. चौदा दिवस ही अर्जाची मुदत आहे, त्या काळात गाडीच्या नुकसानीला संरक्षण असते असा तिचा अर्थ नाही. म्हणून माझ्या मते विम्याचा अर्ज ताबा घेण्याच्या दिवशीच झाला पाहिजे, आरसी नावावर होऊन येण्याची वाट पाहू नये.

अर्ज खरेदीदाराने करायचा असतो, पण ओन डॅमेजचा भाग घेण्यासाठी विकणाऱ्याची लेखी संमती जोडावी लागते. ही संमती व्यवहाराच्या दिवशीच सही करून घ्यावी, कारण पैसे मिळाल्यानंतर विकणाऱ्याला पुन्हा गाठणे किती अवघड जाते हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच ठाऊक. सोबत खरेदीदाराने नव्याने भरलेला प्रस्ताव अर्ज, मूळ पॉलिसीची प्रत, आरसीची प्रत, सही केलेल्या नमुना २९ आणि ३० च्या प्रती, विक्रीपत्र आणि ओळख व पत्त्याचा पुरावा लागतो. नव्या नावाची आरसी अजून हाती आलेली नसेल, तर परिवहन कार्यालयात अर्ज भरल्याची पावती जोडून अर्ज दाखल करून टाकावा आणि आरसी आल्यावर तिची प्रत द्यावी. कंपनी गाडीची पाहणी करण्यास सांगू शकते. अर्ज शाखेत दिला तर पोच घ्यावी, आणि ईमेलने पाठवला तर तो जपून ठेवावा, कारण पुढे वाद झाला तर तारीखच महत्त्वाची ठरते. हस्तांतराचे शुल्क जुन्या टॅरिफप्रमाणे ५० रुपये अधिक जीएसटी एवढे किरकोळ आहे.

खरा खर्च निराळाच आहे आणि बहुतेक खरेदीदारांना तो अनपेक्षित असतो. नो क्लेम बोनस हा गाडीला मिळत नाही, तो माणसाला मिळतो. सिडकोतील गृहस्थांचा ४५ टक्के बोनस त्यांच्याकडेच राहतो, त्यामुळे उरलेल्या मुदतीसाठी दिलेली सवलत कंपनी हस्तांतरापूर्वी खरेदीदाराकडून वसूल करते. वरच्या उदाहरणात ओन डॅमेजचा मूळ हप्ता ८,००० रुपये होता असे धरू. त्यावरची ४५ टक्के सवलत ३,६०० रुपये झाली. २० नोव्हेंबर ते ९ जून हे २०२ दिवस उरतात, म्हणून ३,६०० ला २०२ ने गुणून ३६५ ने भागले की १,९९२ रुपये येतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ही रक्कम सुमारे २,३५१ रुपये होते. खरेदीदाराने आपली आधीची गाडी विकलेली असून त्याच्याकडे स्वतःच्या बोनसचे वैध पत्र असेल, तर त्याच्या हक्काएवढी सूट धरून फक्त फरक घेतला जातो. ही रक्कम कोणी द्यायची ते गाडीची किंमत ठरवतानाच बोलून घ्यावे. वडिलांची गाडी मुलाने विकत घेतली तरी हा नियम बदलत नाही. हा फरक वाचवण्यासाठी पॉलिसी जुन्याच नावावर चालू ठेवण्याचा सल्ला काही एजंट देतात, आणि वर पाहिल्याप्रमाणे त्याची किंमत पहिल्याच अपघातात कळते.

विकणाऱ्याने आपला बोनस मागून घ्यायचा असतो, तो आपोआप जपला जात नाही. विक्रीचा पुरावा दिल्यावर कंपनी बोनस राखून ठेवल्याचे पत्र देते. ते तीन वर्षे वापरता येते आणि त्याच नावाने घेतलेल्या त्याच प्रकारच्या दुसऱ्या गाडीवर लावता येते. चालू मुदतीत दावा घेतला असेल, तर मात्र राखून ठेवायला काही उरत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे खरेदीदाराने स्वतःच्या नावाने नवी पॉलिसी घेणे आणि विकणाऱ्याने जुनी रद्द करणे. पॉलिसीचे दोनच महिने उरले असतील तर हाच मार्ग सोपा पडतो. यात क्रम महत्त्वाचा आहे. थर्ड पार्टी विमा कायद्याने बंधनकारक असल्याने गाडीचा दुसरीकडे विमा झाल्याचा पुरावा दिल्याशिवाय कंपनी जुनी पॉलिसी रद्द करत नाही. म्हणून आधी नवी पॉलिसी घ्यावी, मग तिची प्रत जोडून विकणाऱ्याने रद्द करण्याचा अर्ज द्यावा. त्या मुदतीत दावा घेतलेला नसेल, तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात हप्ता परत मिळतो. तो पॉलिसीधारकाच्या, म्हणजे विकणाऱ्याच्या खात्यात जमा होतो. विक्रीच्या किमतीत विमा धरला असेल, तर हे पैसे कोणाचे, हेही आधीच ठरलेले बरे.

१ सप्टेंबर २०१८ नंतर विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांना थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. अशा गाडीचा ओन डॅमेज विमा दुसऱ्या वर्षापासून वेगळ्या कंपनीचा असू शकतो. तसे असेल तर पॉलिसी दोन, कंपन्या दोन आणि अर्जही दोन. कप्प्यात सापडलेला एकच कागद पाहून समाधान मानू नये, दोन्ही पॉलिसींच्या प्रती विकणाऱ्याकडून मागून घ्याव्यात.

विकणाऱ्याची बाजू आरसीशी बांधलेली आहे. कलम ५० प्रमाणे राज्याच्या आतील विक्रीत विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कायद्याच्या लेखी मालक म्हणजे ज्याचे नाव नोंदणीत आहे तो. गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी अपघाताची भरपाई त्याच्याकडून मागता येते. खरेदीदाराने गाडी नावावर केली नाही आणि जूनमध्ये विमाही संपू दिला, तर जुलैत झालेल्या अपघाताची नोटीस सिडकोतच येईल. म्हणून फक्त सह्या करून कागद हातात देण्यापेक्षा ऑनलाइन अर्ज भरला गेल्याची पावती स्वतः पाहावी, आणि काही आठवड्यांनी mParivahan वर मालकाचे नाव बदलले का ते तपासावे. गाडी व्यापाऱ्याला देत असाल, तर तो अधिकृत नोंदणी असलेला आहे का हे विचारावे आणि नमुना २९सी मधील सूचना परिवहन विभागाकडे गेल्याची खात्री करावी. ही व्यवस्था १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

कंपनीकडून दुरुस्त पॉलिसी, म्हणजे एंडोर्समेंट, आली की खरेदीदाराने ती आरसीशेजारी ठेवून वाचावी. नाव आणि पत्ता, चॅसिस व इंजिन क्रमांक हे अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. जुन्या कर्जाचा बोजा उतरला असेल, तर बँकेचे नाव पॉलिसीवरूनही निघालेले हवे. गाडीला मागाहून सीएनजी किट बसवलेले असेल, तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे दिसले पाहिजे. मालक-चालकाच्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्यासाठी खरेदीदाराकडे वैध परवाना असावा लागतो. त्या रकान्यात विकणाऱ्याच्या पत्नीचे नाव वारस म्हणून तसेच राहिलेले असेल, तर कागद त्याच दिवशी परत पाठवून दुरुस्त करून घ्यावा.